रविवारची हुरहुर, शुक्रवारची वही

रविवारी दुपारी मटण-भाकरी होते, तासभर डोळा लागतो, आणि पाचच्या चहाला पोटात गोळा येतो. घरात काही बिनसलेलं नसतं. उद्या सोमवार असतो, एवढंच.

ठाण्यातली माझी एक मैत्रीण एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. सोमवारी दहाला वसुलीची बैठक असते. शुक्रवारी सहाची लोकल गाठायच्या घाईत ती कॉम्प्युटर तसाच बंद करून निघते, आणि रविवारी रात्री छताकडे बघत तेच काम पुन्हा पुन्हा डोक्यात घोळवते. म्हटलं, नेमकं काय राहिलंय ते लिही. तिने लिहिलं, ‘तक्ता पूर्ण करणे.’ हे लिहून कुणालाही झोप येणार नाही! तीनच शब्द, पण अख्खा डोंगर.

खोदून विचारल्यावर कळलं, अडलंय ते तीन ग्राहकांच्या आकड्यांपाशी. मग वहीत असं उतरलं: शुक्रवारी साडेपाचला दोघांना मेल, सोमवारी सव्वानऊला तिसऱ्याला फोन, आकडा नाहीच आला, तर त्या रकान्यात ‘प्रलंबित’ लिहून तक्ता तसाच मांडायचा. माझ्या मते यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची. रात्री छळतो तो ‘नाहीच झालं तर?’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आता कागदावर असतं.

2018 मध्ये अमेरिकेत 57 तरुणांवर असाच एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहानच होता, हेही खरं.

वही शुक्रवारीच लिहावी, कारण तेव्हा मेल पाठवता येतो. रविवारी नुसतीच काळजी करता येते. शुक्रवार हुकला तर रविवारी संध्याकाळी पाच मिनिटं लिहावं, पण ऑफिसचा मेल उघडू नये.

दुसरी गोष्ट सकाळची. रोज साडेसहाला उठणारा माणूस रविवारी दहाला उठला, तर रात्री अकराला त्याला झोप कुठून येणार? मग अंधारात जागं राहायचं आणि सोमवारला घाबरायचं. तासभर जास्त झोपावं, साडेतीन तास नव्हे.

पण भीती कामाची नसून माणसाची असेल, रोज अपमान करणाऱ्या साहेबाची असेल, तर वही उपयोगी पडत नाही. यादीत लिहायला काहीच सापडत नाही आणि पोटातला गोळा मात्र तसाच, ही त्याची खूण. शनिवारीच धडधड सुरू होत असेल किंवा बुधवार उलटला तरी ती ओसरत नसेल, तर वहीवर विसंबू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.