सात वर्षांनी देणं, मग रोखा नऊ वर्षांचा का?

एका संस्थेला बरोबर ७ वर्षांनी १६,०५,७८१ रुपये द्यायचे आहेत. व्याजदर ७ टक्के असेल तर त्यासाठी आज १० लाख रुपये पुरतात. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या सरकारी रोख्यात ठेवायचे? हिशेब सोपा राहावा म्हणून व्याज वर्षातून एकदाच मिळतं असं धरू.

गैरसमज : ७ वर्षांनी देणं आहे, तर ७ वर्षांचा रोखा घेतला की काम झालं.

वस्तुस्थिती : दरवर्षी हातात येणारं ७० हजारांचं व्याज पुन्हा गुंतवावं लागतं. खरेदीनंतर लगेच दर ६ टक्क्यांवर आला आणि तिथेच राहिला, तर सातव्या वर्षी व्याजाचे ५,८७,५६९ आणि मुद्दलाचे १० लाख मिळून १५,८७,५६९ रुपयेच होतात. म्हणजे सुमारे १८ हजारांची तूट पडते, तीही रोख्याने एक पैसा न बुडवता.

जुळवायचं असतं ते ड्युरेशन. रोख्याचे पैसे सरासरी किती वर्षांनी हातात येतात, ते हा आकडा सांगतो. सरासरी काढताना प्रत्येक रकमेला तिच्या आजच्या किमतीइतकं वजन दिलेलं असतं. ७ टक्के व्याजाच्या ९ वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन ६.९७ वर्षं येतं, जवळपास आपल्याला हवं तेवढंच.

गैरसमज : ९ वर्षांचा रोखा सातव्या वर्षी विकायचा म्हणजे जोखीम वाढली.

वस्तुस्थिती : इथे दोन जोखमी एकमेकींना खोडतात. दर ६ टक्के झाला तर व्याजावर कमी मिळतं, पण दोन वर्षं उरलेला रोखा १०,१८,३३४ रुपयांना विकला जातो. एकूण १६,०५,९०३ रुपये. दर ८ टक्क्यांवर गेला तर रोख्याला ९,८२,१६७ रुपयेच येतात, पण व्याजाचे ६,२४,५९६ होतात. एकूण १६,०६,७६३ रुपये. दोन्हीकडे देणं भागतं.

गैरसमज : एकदा जुळवलं की सात वर्षं बघायला नको.

वस्तुस्थिती : दर ७ टक्केच राहिला तरी तीन वर्षांनी रोख्याचं ड्युरेशन ५.१० वर्षं उरतं, देणं मात्र ४ वर्षांवर आलेलं असतं. ड्युरेशन घड्याळापेक्षा हळू उतरतं. म्हणून आलेलं व्याज कमी मुदतीच्या रोख्यांत घालून किंवा मूळ रोख्याचा काही भाग बदलून ते वेळोवेळी जुळवावं लागतं.

गैरसमज : व्याजदर कसेही हलले तरी हे कवच टिकतं.

वस्तुस्थिती : इंग्लंडचे विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली, ती सगळ्या मुदतींचे दर सारखेच हलतील हे गृहीत धरून. अल्प मुदतीचे दर घसरले आणि दीर्घ मुदतीचे चढले, तर व्याजही कमी वाढतं आणि रोख्याची किंमतही पडते. अधेमधे व्याज न देणारा, बरोबर ७ वर्षांनी एकरकमी पैसे देणारा सरकारी रोखा मिळाला, तर ही सगळी कसरतच टळते. त्याची मुदत आणि ड्युरेशन एकच असतं.