पॉडकास्टचे वर्णन: पाच टॅग आणि चार हजार बाइट

पॉडकास्टच्या भागाखाली दिसणारे वर्णन हा एचटीएमएलचा छोटासा तुकडा असतो. तो आरएसएस फीडमधून वेगवेगळ्या अ‍ॅपपर्यंत जातो आणि प्रत्येक अ‍ॅप तो आपल्या पद्धतीने दाखवते. अ‍ॅपल पॉडकास्ट्सच्या मार्गदर्शिकेत भागाच्या वर्णनासाठी पाच टॅग दिले आहेत: परिच्छेदाचा `p`, याद्यांचे `ol`, `ul` आणि `li`, व दुव्याचा `a`. रंग, अक्षरांचा आकार, तक्ता यांवर भिस्त ठेवता येत नाही.

बहुतेक बिघाड वर्डमधून मजकूर उचलून चिकटवल्यावर होतात. त्याबरोबर `span`, `div` आणि शैलीच्या सूचनांचे लटांबर येते. संगणकाच्या रुंद पडद्यावर संपादकाला सगळे ठाकठीक दिसते. पण ज्या अ‍ॅपला `div` चालत नाही ते तो नुसता काढून टाकते आणि दोन ओळी एकमेकींना चिकटतात: ‘पाहुणे’ आणि ‘विषय’ यांचे ‘पाहुणेविषय’ होते. तक्त्याच्या रकान्यांचेही असेच होते. म्हणून मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून कोरा करावा आणि मग टॅग हाताने लावावेत. कोकणातल्या आंब्यावरच्या एका भागाचे वर्णन असे लिहिता येईल:

```
<description><![CDATA[
<p>मोहोर का गळतो? देवगडच्या बागेतली सकाळ.</p>
<ul>
<li>तुडतुडे कसे ओळखावेत</li>
<li>फवारणीची वेळ</li>
</ul>
<p><a href="https://example.com/mohor">
वेळापत्रक: example.com/mohor</a></p>
]]></description>
```

यातले `CDATA` महत्त्वाचे. फीड हे एक्सएमएल असल्यामुळे त्यात उघडे `<` चिन्ह आले की ती फीडच्याच टॅगची सुरुवात समजली जाते. `CDATA` च्या कुंपणातला मजकूर मात्र जसाच्या तसा पुढे जातो. श्रोत्याला पडद्यावर खुद्द `<p>` ही अक्षरे दिसत असतील, तर ती चिन्हे वाटेत दोनदा बदलली गेली, म्हणजे बहुधा होस्टिंगच्या साधनाने आधीच केलेले काम हातानेही केले गेले, असे ओळखावे. उलट सगळे परिच्छेद एका सलग गठ्ठ्यात दिसत असतील, तर लिहिणाऱ्याने `p` ऐवजी नुसते एंटर दाबलेले असते. एचटीएमएलमध्ये त्या एंटरची किंमत एका रिकाम्या जागेएवढीच.

दुव्याच्या मजकुरात पत्ताही लिहिला आहे, त्यामागे कारण आहे. काही ठिकाणी सगळे टॅग काढून निव्वळ अक्षरे दाखवली जातात. तिथे ‘इथे टिचकी मारा’ एवढेच उरते आणि पत्ता नाहीसा होतो. पत्ता आखूडच हवा, कारण लांबलचक पत्ता मध्ये तुटत नाही आणि फोनच्या अरुंद पडद्याबाहेर जाऊ शकतो. पत्त्यात देवनागरी असेल तर तो आणखी फुगतो: प्रत्येक चिन्हाचे `%E0%A4%B5` अशा धर्तीचे नऊ वर्ण होतात. पहिल्या वाक्याकडेही लक्ष हवे. यादीत श्रोत्याला वर्णनाच्या सुरुवातीच्या एखाद-दोन ओळीच दिसतात, म्हणून तिथे स्वागताऐवजी विषय यावा.

मराठीत लिहिणाऱ्याला खरी काटकसर करावी लागते ती संपूर्ण कार्यक्रमाच्या वर्णनात. त्याला अ‍ॅपलची मर्यादा ४००० बाइटची आहे आणि बाइट म्हणजे अक्षर नव्हे. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, उकार आणि हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘वर्णन’ या शब्दात व, र, हलन्त, ण आणि न अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. सगळी मर्यादा देवनागरीनेच भरली तर सुमारे १३३३ चिन्हे बसतात. ‘अक्षरे’ मोजणाऱ्या साधनाचा आकडा इथे दिशाभूल करतो. त्यामानाने टॅग स्वस्त: `<p></p>` या जोडीला सात बाइट लागतात, म्हणून बचतीसाठी परिच्छेद मोडू नयेत. मजकूर मर्यादेबाहेर गेला आणि एखाद्या साधनाने तो बाइट मोजून कापला, तर घाव चिन्हाच्या मध्येही बसू शकतो. अशा वेळी शेवटी � हे चिन्ह दिसते.

दुसरी मराठी अडचण ‘ऱ्य’ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत नुक्त्याचा ऱ असतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण न दिसणारी चिन्हे झाडून काढणाऱ्या साधनातून दुसरा प्रकार गेला की त्याचे ‘दुसर्या’ होते आणि रफार भलत्याच जागी चढतो. नुक्त्याच्या ऱ ला ही भीती नाही, शिवाय दर वेळी तीन बाइट वाचतात. म्हणून वर्णन पाठवण्याआधी शोधा-बदला वापरून सगळे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एकाच तऱ्हेचे करून घ्यावेत आणि भाग प्रसिद्ध झाल्यावर ते शब्द फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे उघडून पाहावेत.