भोगवटादार, आकार, कूळ : सातबारा इंग्रजीत नेताना

गेल्या आठवड्यातल्या लेखांकात परदेशात राहणाऱ्या वारसाचं कुलमुखत्यारपत्र कसं करायचं, ते कोणासमोर साक्षांकित करायचं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांकन का करून घ्यायचं, हे पाहिलं. त्या सहीच्या आधीचं काम मात्र बहुतेक घरांत घाईघाईने उरकलं जातं. वडिलोपार्जित शेत विकायचं ठरतं, टोरांटोच्या बहिणीला किंवा लेस्टरच्या पुतण्याला सातबाऱ्याचा फोटो जातो आणि त्यासोबत चार ओळींचं इंग्रजी, कारण तिथल्या वकिलाला किंवा नोटरीला मराठी वाचता येत नाही. या चार ओळी बहुधा गावाकडच्याच कोणीतरी, शब्दाला शब्द ठेवून लिहिलेल्या असतात. माझं म्हणणं असं की सातबाऱ्याचं असं शब्दशः इंग्रजी करूच नये. प्रत्येक नोंदीसाठी तीन गोष्टी द्याव्यात : मूळ मराठी शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा, कायद्याच्या इंग्रजी प्रतीत त्यासाठी वापरलेला शब्द, आणि त्या नोंदीने सही करणाऱ्यावर काय बंधन येतं ते सांगणारं एक साधं वाक्य. यातलं तिसरं गाळलं तर पहिल्या दोहोंचा फारसा उपयोग नाही.

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातला एक उतारा घेऊ. आकडे कल्पित आहेत, नोंदी मात्र नेहमी आढळणाऱ्या. गट क्रमांक २१४. भूधारणा पद्धती ‘भोगवटादार वर्ग-२’. लागवडीयोग्य क्षेत्र १.५४.००, पोटखराबा ०.०८.००, एकूण १.६२.००. आकार ५.२५. भोगवटादार म्हणून दोन भाऊ आणि परदेशातली बहीण अशी तीन नावं, त्यांच्यासमोर ‘सामाईक क्षेत्र’. वर वडिलांचं नाव कंसात, आडवी रेघ मारलेलं. इतर हक्कांत दोन नोंदी : ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ आणि विकास सोसायटीचा ‘इकरार’. एवढासा कागद, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीच्या इंग्रजीत जाऊ शकते. फसवणारे शब्द बहुतेक रोजच्या वापरातले आहेत.

‘आकार’ घ्या. कोणीही मराठी माणूस त्याचं इंग्रजी ‘साइझ’ किंवा ‘शेप’ करील. सातबाऱ्यावरचा आकार म्हणजे जमीन महसुलाची वार्षिक आकारणी, रुपयांत. तेव्हा ५.२५ म्हणजे सव्वापाच रुपये. तो क्षेत्राचा आकडा नव्हे. ‘कूळ’ हा शब्द घरात ऐकला की कुलदैवत आणि घराणं आठवतं, आणि ‘कुळाचे नाव’ या रकान्याचं ‘फॅमिली नेम’ होऊन जातं. महसुली भाषेत कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, कायद्याने संरक्षण मिळालेला खंडकरी. त्या रकान्यात नाव असेल तर जमिनीवर तिऱ्हाइताचा हक्क आहे, आणि ‘फॅमिली नेम’ वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. ‘अज्ञान’ म्हणजे वयाने लहान, आणि जुन्या उताऱ्यांतलं ‘अ.पा.क.’ म्हणजे त्या अज्ञानाचा पालनकर्ता. ‘खाते क्रमांक’ याचं ‘अकाउंट नंबर’ केलं की परदेशातला वाचक बँक समजतो. वडिलांच्या नावाभोवतीचा कंस इंग्रजी डोळ्याला उपनाव किंवा स्पष्टीकरण वाटतो. तलाठ्याच्या भाषेत नावाला कंस करणं म्हणजे ते नाव कमी करणं. संगणकीय उताऱ्यावर आता सोबत आडवी रेघ येते, पण टंकलेल्या इंग्रजी कागदावर ती रेघ उतरतेच असं नाही आणि मयत वडील पुन्हा धारक होऊन बसतात.

क्षेत्राचा घोळ वेगळाच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. ‘आर’ आणि ‘एकर’ यांचा उच्चार जवळचा असल्याने ‘६२ आर’चे बासष्ट एकर झालेली इंग्रजी पत्रं तयार होतात. आपल्या गटाचं १.६२.०० म्हणजे एक हेक्टर बासष्ट आर, सुमारे चार एकर. त्यापुढचं ‘सामाईक’ आणखी नाजूक आहे. ‘कॉमन एरिया’ असं लिहिलं तर टोरांटोच्या वाचकाला इमारतीचा जिना आणि बगीचा दिसेल. इथे अर्थ असा की तिघांचं क्षेत्र एकत्र आहे, कोणाचाही तुकडा मोजून वेगळा काढलेला नाही आणि प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा पूर्ण गटात आहे. आई हयात नाही आणि वडिलांचे वारस हे तिघेच, असं असेल तर बहिणीचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे चोपन्न आर. पण हा हिस्सा उताऱ्यावर लिहिलेला नाही. वारस नोंदीचा फेरफार आणि वारसा कायदा यांतून तो काढावा लागतो. म्हणून अनुवादात हिस्सा लिहायचाच असेल तर तो ‘उताऱ्यावर नमूद’ या सदरात घालू नये, वेगळी टीप म्हणून द्यावा.

आता मुख्य शब्द, ‘भोगवटादार’. बहुतेक जण सरळ ‘ओनर’ लिहितात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या इंग्रजी प्रतीत शब्द आहे ‘ऑक्युपंट’. तो वाचून परदेशातली बहीण दचकते, कारण तिच्या रोजच्या इंग्रजीत ऑक्युपंट म्हणजे घरात राहणारा, मग तो भाडेकरूही असेल. तरीही ‘ओनर’ लिहू नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नाही. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केलं आहे. जो कागद मालकीची खात्री देत नाही, त्याच्या अनुवादाने ती देणं ही दिशाभूल आहे. शिवाय ‘ओनर’ म्हटलं की वर्ग एक आणि वर्ग दोन हा भेद पुसला जातो. विक्रीच्या दृष्टीने तर सगळं काही त्या भेदावर उभं आहे : वर्ग एकच्या धारकाला हस्तांतराचा हक्क निर्बंधांशिवाय, वर्ग दोनच्या धारकाला निर्बंधांसह.

पण ‘ऑक्युपंट क्लास टू’ एवढं लिहूनही काम होत नाही, कारण वर्ग दोन लागण्याची कारणं निरनिराळी असतात. शासनाने दिलेली जमीन, वतनाची जमीन, पुनर्वसनात मिळालेली जमीन, या प्रत्येकाच्या परवानगीची वाट वेगळी. आपल्या गटाचं कारण इतर हक्कांत सापडतं : कलम ४३. १९४८ च्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळांना जमिनीचा खरेदीदार मानलं आणि ती जमीन लगेच सावकाराच्या किंवा जुन्या मालकाच्या हाती परत जाऊ नये म्हणून परवानगीशिवाय विक्रीवर बंदी घातली. या वारसांचे आजोबा तेव्हा कूळ होते, असा त्या ओळीचा अर्थ. २०१४ मध्ये या कलमात सवलत आली : खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन विकता येते, मात्र घेणारा शेतकरी हवा आणि कमाल जमीनधारणा व तुकडेबंदी यांचे कायदे मोडता कामा नयेत. आता मघाचा ‘आकार’ आठवा. सव्वापाच रुपयांच्या चाळीस पट म्हणजे दोनशे दहा रुपये. ते भरलेले नसताना झालेली विक्री अवैध ठरते. ज्याने आकाराचं ‘साइझ’ केलं आणि कलम ४३ ची ओळ ‘सब्जेक्ट टू सेक्शन फॉर्टी थ्री’ म्हणून सोडून दिली, त्याने बहिणीपासून नेमकी हीच गोष्ट लपवली, मग मनात तसं नसलं तरी.

‘इकरार’चंही तसंच. शब्दकोशात तो करार किंवा कबुली. सातबाऱ्यावर तो सहकारी सोसायटीकडून पीककर्ज घेताना दिलेला लेख असतो आणि त्याने जमिनीवर सोसायटीचा बोजा चढतो. ‘ॲग्रीमेंट’ लिहिलं तर कर्ज दिसत नाही. ‘सहकारी सोसायटीच्या कर्जाचा जमिनीवर भार, तो फेडून नोंद कमी करून घेतल्याशिवाय जमीन बोजाविरहित म्हणता येणार नाही’ असं वाक्य लिहिलं तर दिसतं.

यावर आक्षेप येतात. पहिला : हे सगळं वकील बघतो, बहिणीने फक्त सही करायची. पण खरेदीखतात लिहून देणार म्हणून तिचं नाव असतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे हक्कातला माहीत असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि आपल्याला विकण्याचा अधिकार आहे अशी हमी त्याने दिली असं कायदाच धरून चालतो. ही जबाबदारी सही करणाऱ्या बहिणीची आहे, वकिलाची नाही. दुसरा आक्षेप : बहीण मराठीच आहे, तिला अनुवाद कशाला? तिच्या नोटरीला आणि सल्लागाराला हवाच. आणि खरं तर तिलाही हवा, कारण कूळ, आकार, इकरार हे शब्द घरच्या मराठीच्या बळावर वाचणाऱ्यालाच अधिक फसवतात. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो : स्पष्टीकरण जोडलं की अनुवादक आपलं मत घुसवणार, विशेषतः तो विक्रीत वाटेकरी असलेला भाऊ असेल तर. हे खरं आहे. म्हणूनच उताऱ्यातला मजकूर एका रकान्यात आणि स्पष्टीकरण दुसऱ्या रकान्यात ठेवावं, दोन्ही कधी मिसळू नयेत, आणि हे काम विक्रीच्या पैशात हिस्सा नसलेल्या माणसाकडे द्यावं. मत येण्याच्या भीतीने अर्थच काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

एक सूचना राहिली. नव्या नमुन्याच्या उताऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक, त्याचा दिनांक आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही, हे छापलेलं असतं. या तीन गोष्टी आणि उतारा काढल्याची तारीख अनुवादाच्या पहिल्याच ओळीत घ्या. सहीच्या दिवशी डिजिटल स्वाक्षरीचा नवा उतारा काढून फेरफार क्रमांक ताडून पाहा; तो बदलला असेल तर जुन्या अनुवादावर सही घेऊ नका.