अक्षावरचे कोटी

आमच्या पतसंस्थेच्या अहवालात दरवर्षी ठेवींचा आलेख छापतात. यंदा तो माझ्याकडे आला. पाच वर्षांच्या ठेवी अशा: ६४ लाख, ९२ लाख, १ कोटी १८ लाख, १ कोटी ५७ लाख आणि २ कोटी १२ लाख. एक्सेलने पाच खांब नीट उभे केले, पण उभ्या अक्षावर आकडे लिहिले 5,000,000 पासून 25,000,000 पर्यंत. समितीतले एक काका चष्मा वर करून शून्यं मोजत बसले. एकाने सुचवलं, ‘मिलियनमध्ये करा, शून्यं जातील.’ शून्यं गेली, पण 25 उरले. पंचवीस मिलियन म्हणजे अडीच कोटी, हा हिशेब मग सभासदांनी खुर्चीत बसून करायचा!

विंडोजच्या Region सेटिंगमध्ये Digit grouping बदललं की स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे 2,50,00,000 असे पडतात. पण ही सोय त्या संगणकापुरती. फाईल छापखान्यात गेली आणि तिथलं सेटिंग वेगळं असलं, की पुन्हा आधीचंच रूप.

खरा उपाय चार्टमध्येच आहे, फक्त त्याला नाव नाही. अक्षावर राइट क्लिक करून Format Axis उघडा. तिथल्या Display units या यादीत Thousands, Millions ही नावं दिसतात आणि त्यांच्या जोडीला 100000 आणि 10000000 हे नुसते आकडे. हेच आपले लाख आणि कोटी. मी 10000000 निवडलं. बाजूला ‘x 10000000’ अशी पाटी आली. तिच्यावर क्लिक करून ‘कोटी रुपये’ असं लिहिता येतं.

इथे मी फसलो. अक्षावर खालून वर आकडे आले: 0, 1, 1, 2, 2, 3. खांब बरोबर, पट्टी चुकीची. कारण साधं होतं. मूळ रकान्याला दशांश न दाखवणारं रूप दिलेलं होतं आणि अक्षाने तेच उचललं होतं. त्यामुळे अर्ध्या कोटीचा 1 झाला आणि दीड कोटीचे 2. एकच आकडा अक्षावर दोनदा दिसला की समजावं, दशांश गिळला गेलाय. त्याच खिडकीत खाली Number मध्ये Format Code च्या चौकटीत `0.0` लिहून Add दाबलं आणि 0.5, 1.0, 1.5 अशी सरळ शिडी मिळाली.

एवढ्यावर थांबलो असतो, पण काकांना ‘अर्धा कोटी’ रुचेना. पन्नास लाखांना पन्नास लाखच म्हणायचं. म्हणजे एकाच अक्षावर खाली लाख आणि वर कोटी. त्यासाठी Display units पुन्हा None करून Format Code मध्ये हे लिहावं लागतं:

```
[>=10000000]0\.0,," कोटी";[>=100000]0\.00," लाख";0
```

यात एक गंमत आहे. या सूत्रातला शेवटचा स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो, दोन असले तर दहा लाखांनी. लाखाने किंवा कोटीने भागणारा स्वल्पविरामच नाही. म्हणून थोडी लबाडी करायची. दीड कोटीला दहा लाखांनी भागलं की 15 उरतात. `\.` हा खरा दशांशबिंदू नाही, 1 आणि 5 यांच्यामध्ये चिकटवलेलं नुसतं टिंब आहे. वाचणाऱ्याला मात्र ‘1.5 कोटी’ दिसतं. लाखाचंही तसंच: पन्नास लाख भागिले हजार म्हणजे 5000, त्यातले शेवटचे दोन अंक टिंबापलीकडे, म्हणून ‘50.00 लाख’. ती दोन शून्यं जरा डोळ्यात खुपतात, पण काढायची नाहीत. एक शून्य कमी केलं तर पन्नासाचे पाचशे लाख होतील.

या टिंबाची मर्यादाही तशीच आहे. कोटीनंतर एकच अंक मिळतो. अक्षाची पायरी २५ लाखांची ठेवली तर सव्वा कोटी 1.3 आणि पावणेदोन कोटी 1.8 असे उमटतात. रेघा सारख्या अंतरावर, आकडे मात्र कधी तीनने वाढणारे, कधी दोनने. म्हणून Major पायरी 5000000 ठेवावी.

दुसरी अडचण तोट्याची. या सूत्रात अटी दोनच घालता येतात आणि दोन्ही मोठ्या धन आकड्यांसाठी खर्ची पडल्या. साठ लाखांचा तोटा तिसऱ्या भागात जातो आणि -6000000 असा उघडाच छापला जातो. नफा-तोट्याच्या आलेखाला म्हणून मी Display units चाच रस्ता धरला. तिथे खरा भागाकार होतो, त्यामुळे उणे चिन्हाची वेगळी सोय करावी लागत नाही. ठेवींच्या आलेखात मात्र काकांचे पन्नास लाख राहिले, दोन शून्यांसकट.