टॉरेंट, व्हीपीएन आणि उघडा पडणारा पत्ता

डेबियन ही मोफत संगणकप्रणाली टॉरेंटनेही उतरवून घेता येते. फाइल उतरू लागली की क्यूबिटटॉरेंट या प्रोग्रॅममध्ये खालच्या बाजूला `Peers` नावाचा भाग उघडून पाहावा. तिथे आयपी पत्त्यांची यादी दिसते. ते सगळे पत्ते तीच फाइल घेणाऱ्या किंवा देणाऱ्या अनोळखी माणसांच्या संगणकांचे असतात. आपल्याला त्यांचा पत्ता दिसतो, तसाच त्यांच्या यादीत आपलाही दिसतो. अनेकांना ही सुरक्षेतली चूक वाटते, पण टॉरेंटची रचनाच अशी आहे.

ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटॉरेंट आणले तेव्हा त्यामागची कल्पना अशी होती: फाइलचे लहान तुकडे करायचे आणि घेणाऱ्यांनीच ते एकमेकांना द्यायचे. मधे साठवण करणारा सर्व्हर नाही. त्यामुळे कोणाकडून तुकडा घ्यायचा हे कळायला त्याचा पत्ता हवा, आणि त्याने तुकडा आपल्याकडेच पाठवावा म्हणून त्याला आपला पत्ता हवा. फाइल सुरू होताच आपला प्रोग्रॅम ट्रॅकर नावाच्या सर्व्हरला कळवतो की मला ही फाइल हवी आहे आणि मी अमुक पोर्टवर ऐकतो आहे. आपला पत्ता त्याला वेगळा सांगावा लागत नाही, कारण संदेश जिथून आला तो पत्ता ट्रॅकरला दिसतोच. तो आपल्या नावावर मांडतो आणि ही फाइल मागणाऱ्या इतरांना वाटतो. यादीत प्रत्येक माणसाला सहा बाइट पुरतात, चार पत्त्याचे आणि दोन पोर्टचे. ट्रॅकर नसला तरी डीएचटी नावाच्या जाळ्यातून हेच काम होते, आणि एकमेकांशी जोडलेले संगणकही ओळखीचे पत्ते पुढे देत राहतात.

म्हणजे या घोळक्यात कोण आहे हे जाणून घ्यायला कोणाला काही फोडावे लागत नाही. स्वतः त्यात शिरून यादी मागितली की पुरे. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसले होते की लोकप्रिय फाइल घेणाऱ्याचा पत्ता टेहळणी करणाऱ्यांकडून साधारण तीन तासांत नोंदला जातो. प्रोग्रॅममधले एन्क्रिप्शन सुरू केल्यानेही यात फरक पडत नाही. त्यामुळे वाटेतल्या इंटरनेट कंपनीला मजकूर ओळखणे अवघड होते, पण ज्याच्याशी आपण बोलतो त्याला आपला पत्ता दिसतोच.

व्हीपीएन सुरू केल्यावर तो पत्ता बदलतो. उदाहरणापुरते काही आकडे घेऊ. घरच्या राउटरचा बाहेरचा पत्ता 203.0.113.45 आहे. व्हीपीएन जोडल्यावर संगणकात `tun0` नावाचा नवा इंटरफेस तयार होतो आणि त्याला 10.8.0.6 हा आतला पत्ता मिळतो. त्यातून गेलेली माहिती व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरमधून बाहेर पडते, म्हणून घोळक्याला 198.51.100.20 हा त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. इथवर सगळे ठीक आहे.

अडचण येते ती रस्ता कोण निवडतो यामुळे. टॉरेंटच्या प्रोग्रॅमला व्हीपीएन ठाऊकच नसतो. तो संगणकप्रणालीला फक्त सांगतो की हा संदेश अमुक पत्त्यावर पोचव. कोणत्या इंटरफेसमधून पाठवायचा हे प्रणाली आपल्या मार्गांच्या तक्त्यात पाहून ठरवते. व्हीपीएन चालू असताना तक्ता सगळे `tun0` कडे वळवतो. आता समजा, मोठी फाइल रात्रभर लावून ठेवली आहे आणि पहाटे वाय-फाय क्षणभर तुटल्याने व्हीपीएन पडला. `tun0` नाहीसा होतो आणि त्याचे मार्गही तक्त्यातून निघून जातात. जुना, घरच्या राउटरचा मार्ग तेवढा उरतो. टॉरेंटच्या प्रोग्रॅमच्या जुन्या जोडण्या मरतात, तो निमूटपणे नव्या उघडतो, आणि त्या सरळ घरच्या पत्त्यावरून जातात. त्यातच ट्रॅकरला पुढची हजेरी देण्याची वेळ आली, तर 203.0.113.45 हा पत्ता यादीत शिरतो. मिनिटभरात व्हीपीएन पुन्हा जोडला गेला तरी तो पत्ता आधीच वाटला गेलेला असतो. सकाळी पडद्यावर फाइल शंभर टक्के उतरलेली दिसते आणि मधे काय झाले याचा मागमूस नसतो.

अनेक व्हीपीएन ॲपमध्ये यासाठी किल स्विच असतो. टनेल पडला की तो सगळे इंटरनेट अडवतो. तो चालू ठेवावाच, पण त्याचे काम व्हीपीएनच्या ॲपवर अवलंबून आहे. ॲप आपणच बंद केले किंवा सुरू करायला विसरलो, तर काही किल स्विच अडवत नाहीत. टॉरेंटच्या प्रोग्रॅमलाच एका इंटरफेसला बांधून ठेवले तर हे अवलंबित्व संपते. मग प्रोग्रॅम प्रणालीला सांगतो की माझी जोडणी `tun0` च्या पत्त्यावरूनच उघड. तो इंटरफेस नसेल तर जोडणी उघडतच नाही. फाइल थांबते, आणि आपल्याला तेच हवे असते.

क्यूबिटटॉरेंटमध्ये हे करायला आधी व्हीपीएन जोडावा, कारण इंटरफेस जिवंत नसेल तर तो यादीत सहसा दिसत नाही. मग `Tools`, `Options`, `Advanced` असे जाऊन `Network interface` पुढचे `Any interface` बदलून `tun0` निवडावे. वायरगार्ड वापरत असाल तर नाव बहुधा `wg0` असेल; विंडोजवर व्हीपीएनच्या ॲडॅप्टरचे नाव दिसेल. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. खाली आयपी पत्त्याला बांधण्याचाही पर्याय असतो, पण तिथे 10.8.0.6 टाकून ठेवू नये. पुढच्या जोडणीत व्हीपीएन वेगळा आतला पत्ता देऊ शकतो आणि मग फाइल विनाकारण अडून बसते. इंटरफेसचे नाव त्यामानाने टिकते. तेही कधी `tun0` चे `tun1` झाले, तर निवड पुन्हा करावी लागते.

बांधणी खरोखर लागू झाली का हे तपासण्यासाठी ब्राउझरमध्ये आपला पत्ता दाखवणारे पान उघडून भागत नाही. ते पान ब्राउझरचा रस्ता दाखवते, टॉरेंटचा नाही. लिनक्सवर फाइल उतरत असताना हा आदेश द्यावा:

```
ss -tnp | grep qbittorrent
```

प्रत्येक ओळीत आधी आपल्या बाजूचा पत्ता येतो आणि मग समोरच्याचा. आपल्या बाजूला सगळीकडे 10.8.0.6 असायला हवे. 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर ती जोडणी घरच्या राउटरवरून चालली आहे. खरी परीक्षा मात्र पुढची. डेबियनची फाइल उतरत असताना व्हीपीएन मुद्दाम तोडावा. थोड्याच वेळात वेग शून्यावर यायला हवा आणि `Peers` ची यादी रिकामी व्हायला हवी. वेग टिकून राहिला, तर बांधणी झालेली नाही.

बांधणीने आणखी एक भोक बुजते. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही4 वाहून नेतात, आणि घरच्या जोडणीला आयपीव्ही6 असेल तर तो बाजूने निसटतो. `tun0` ला आयपीव्ही6 पत्ताच नसल्याने बांधलेल्या प्रोग्रॅमला ती वाट मिळत नाही. ट्रॅकरचे नाव शोधण्याची डीएनएस विचारणा मात्र प्रणालीच करते. व्हीपीएन पडल्यावर ती घरच्या इंटरनेट कंपनीकडे जाऊ शकते, आणि ट्रॅकरचे नाव तिला कळते. किल स्विच यासाठीही हवा.

एवढे करूनही बदलतो तो घोळक्याला दिसणारा पत्ता. 198.51.100.20 मागे कोण आहे हे व्हीपीएन कंपनीला कळू शकते. भारतात सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवायला सांगितले आहे, म्हणून कंपनी निवडताना तिचे नोंदींचे धोरण वाचणे आवश्यक आहे. आणि स्वामित्वहक्काचे उल्लंघन पत्ता झाकल्याने कायदेशीर होत नाही. डेबियनसारखी उघडपणे वाटायची फाइल घेतानाही आपण काय उतरवतो ते अनोळखी लोकांना कळू नये असे वाटणे मात्र अगदी रास्त आहे, आणि त्यासाठी ही एक निवड बदलणे पुरेसे उपयोगी पडते.