कारागृहाचे दार आणि मनाचे औषधोपचार
कारागृहात दाखल होताना डॉक्टरांनी कैद्याला विचारायलाच हवे: पूर्वी मानसिक उपचार झाले का, दारू शेवटची कधी घेतली, जीव द्यावासा वाटतो का? दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत थरकाप, भास सुरू होऊ शकतात. ते नाटक समजणे जिवावर बेतते.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसिक उपचार केंद्र हवे. सुटकेनंतरचा दुवा मात्र फार कच्चा. स्किझोफ्रेनिया असलेला कच्चा कैदी जामीन मिळताच संध्याकाळी बाहेर पडतो, गोळ्या आणि केसपेपर आतच राहतात. काही आठवड्यांत त्याला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागतात. त्यामुळे औषधाचे नाव, मात्रा आणि जिल्हा रुग्णालयातील पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी, सोबत पंधरवड्याच्या गोळ्या, जामिनाआधीच तयार हव्यात.