बोअरचे पाणी नारिंगी का होते?

सुरतेत उधना, लिंबायत या मराठी वस्तीच्या भागांत असो वा कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत, बोअरच्या पाण्यात लोह असले की त्याची खूण सारखीच दिसते. पंपातून नितळ आलेले पाणी बादलीत तासभर राहिले की पिवळसर होते आणि सकाळी तळाशी नारिंगी गाळ बसलेला असतो. असे पाणी वापरल्यास रंगाई होणाऱ्या कापडाची छटा मळकट होते. घरात पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात आणि चहा काळपट दिसतो.

जमिनीखाली खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे लोह पाण्यात विरघळलेल्या, रंगहीन रूपात राहते. पाणी वर येऊन हवेशी मिसळले की हेच लोह न विरघळणाऱ्या गंजासारख्या कणांत बदलते. याउलट नळातून येतानाच पाणी लाल असेल, तर लोह आधीच गंजलेले असते किंवा गंज जुन्या नळाचा असतो. म्हणून पाण्याचा नमुना टाकीतून न घेता थेट पंपाच्या तोंडाशी पारदर्शक बाटलीत घ्यावा.

उपाय या बदलातच दडलेला आहे: गाळ घरात बसण्याआधी तो मुद्दाम तयार करायचा आणि गाळून टाकायचा. समजा, पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम लोह आहे. ते गंजवण्यास लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी प्राणवायू लागतो; हवेशी नीट मिसळलेल्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे छिद्रांच्या ताटल्यांवरून किंवा फवाऱ्यातून पाणी टाकीत पाडले तरी हवा पुरते. उणीव असते ती वेळेची.

हा वेळ सामू ठरवतो. सामू एका अंकाने घटला की क्रिया सुमारे शंभरपट मंदावते. सामू सातच्या वर असेल तर बहुधा तासाभरात काम होते. साडेसहाच्या आसपास मात्र कित्येक तास लागतात. गोव्यातील जांभ्या दगडातले पाणी बरेचदा आम्लधर्मी असते, त्यामुळे नुसता फवारा पुरत नाही. फवाऱ्याने कर्बवायू उडून सामू थोडा वाढतो. तरी कमी पडल्यास चुनखडीच्या खड्यांचा थर द्यावा लागतो.

त्यानंतर वाळूचा फिल्टर येतो. वरील उदाहरणात १००० लिटर पाण्यामागे ३ ग्रॅम लोह, म्हणजे सुकवून मोजल्यास जवळपास ६ ग्रॅम गाळ वाळूत अडकतो. ओला असताना तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. प्रवाह मंदावला किंवा गाळलेल्या पाण्यात पुन्हा पिवळसर झाक दिसली, की उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवावी. गाळलेले पाणी बाटलीत रात्रभर ठेवल्यावर पुन्हा रंगले, तर दोष वाळूचा नसून लोह विरघळलेल्या रूपातच पुढे गेले, असे समजावे. अशा वेळी टाकी मोठी करून पाण्याला अधिक वेळ द्यावा लागतो. लोहयुक्त पाणी थेट आरओ यंत्राला जोडणे मात्र महागात पडते, कारण त्याचा पडदा लोहाने तुंबतो.